डोळा मिटलेला लेयर

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता औषधवाल्याने फोटो स्टुडिओच्या काउंटरवर एक कागदी पिशवी ठेवली आणि तिच्यातून बायकोची वेणी बाहेर काढली.

वेणी दोन्ही टोकांना काळ्या रबराने बांधलेली होती. त्याने ती काचेवर सरळ करून ठेवली, जशी तो आपल्या दुकानात गिऱ्हाइकापुढे औषधाची पट्टी ठेवत असे. "पासष्ट सेंटिमीटर भरली," तो म्हणाला. "म्हणजे फोटोतून एवढे केस कमी करायचे."

स्टुडिओचा मालक खुर्चीतून उठला. औषधवाल्याचं दुकान त्याच रस्त्यावर, चार गाळे सोडून होतं. उधार-उसनवार नाही, आरडाओरडा नाही, रात्री-अपरात्री कुणाचं मूल तापलं तर शटर उघडून औषध देणारा माणूस. त्याची बायको गुरुवारी घरातून निघून गेल्याचं रस्त्यावर सगळ्यांना कळलं होतं.

"साहेब, बसा ना. पाणी मागवू?"

"नको. पोलीस म्हणतात, सज्ञान बाई आहे, चिठ्ठी लिहून गेली आहे, आम्ही काय करणार? म्हणून मीच पोस्टर लावतोय. हा तुमच्याकडचा मागच्या वर्षीचा फोटो. मागे नंबर आहे." त्याने फोटो उलटा करून दाखवला. "पण आता ती अशी दिसत नाही, ही वेणी कापून घरीच ठेवून गेली. लांब वेणीची बाई शोधायला सांगितली, तर लोक तिच्या शेजारून निघून जातील."

"बरोबर आहे. अगदी बरोबर. काळजीच सोडा, आमच्या वहिनी केसांच्या कामात एक नंबर आहेत. त्यांच्या हाताखालून गेलं की टकल्यालासुद्धा भांग पडतो." मालक हसला, मग प्रसंग लक्षात येऊन थांबला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडला, "वहिनी! जरा बाहेर या."

वहिनी पडद्यामागेच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

स्टुडिओ त्यांच्या नवऱ्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून काढला होता. नवरा गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, दिराने त्यांना मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवलं. डाग काढणं, डोळ्यांखालचं काळं कमी करणं त्या महिन्याभरात शिकल्या. केसांचं काम शिकायला तीन वर्षं लागली. आता रस्त्यावर त्यांना केसवाली म्हणत, आणि दर्शनी काचेत मालकाने पाटी लावली होती: 'कापण्याआधी बघा.' केस कापायच्या किंवा रंगवायच्या आधी आपण कसे दिसू, ते फोटोत पाहायला बायका येत. एखादी खूश होऊन कापायला जाई, एखादी बघून घाबरून परत जाई.

औषधवाल्याची बायको त्या पाटीमुळेच आली होती. घर सोडण्याच्या बारा दिवस आधी, दुपारी, औषधांचं दुकान उघडं आणि नवरा त्याच्यात असताना.

"मला फक्त बघायचंय," ती म्हणाली होती. "मागच्या वर्षीचाच फोटो घ्या, नवा काढायला नको. आणि ताई, छापायचं नाही. इथेच बघते आणि जाते."

वहिनींनी नंबर घालून फाईल उघडली. स्टुडिओत एका नंबराची एकच फाईल असे, तोच तिथला नियम. त्या फोटोचं जे काही काम होईल ते त्याच फाईलमध्ये, एकावर एक लेयर चढवून. लेयर म्हणजे काचेवर काच ठेवावी तसं. खालचा फोटो जसाच्या तसा राहतो, वरच्या काचेवर काम होतं. प्रत्येक लेयरपुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की ती काच दिसत नाही, पण जागेवर असते.

फाईल उघडताच वहिनींना जुनं काम आठवलं. त्या फोटोत उजव्या कानामागे रुपयाएवढी जागा रिकामी होती. त्यावर केसच नव्हते. औषधवाल्याने तेव्हा स्वतः उभं राहून ती भरून घेतली होती. "आजारपणात गेले," असं म्हणाला होता. वहिनींनी आजूबाजूचे केस बघून, मुळापासून टोकाकडे एकेक बारीक रेघ ओढत ती जागा झाकली होती. वीस मिनिटांचं काम.

"ती जागा भरली का परत?" त्यांनी सहज विचारलं.

बाईने केस बाजूला केले. जुनी जागा भरली होती. तिच्या वर दुसरी होती, ताजी, कडेला लाल.

"वेणी हाताला गुंडाळता येते, ताई," ती म्हणाली. आवाज औषधाचा डोस सांगावा तसा होता. "आखूड केसांना पकड नसते."

त्यानंतर दोघी कामाचंच बोलल्या.

ते काम सोपं नव्हतं. लांब केस वाढवणं एक वेळ परवडतं. कमी करायचे म्हणजे त्यांच्यामागे काय होतं ते नव्याने तयार करावं लागतं. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली होती. ती काढल्यावर खांदाच नव्हता. वहिनींनी उजवा खांदा उचलून आरशासारखा उलटवला, पण उजेड उजवीकडून होता, म्हणून डावा खांदा दोन छटा गडद केला. मानेवर वेणीची सावली उरली होती, ती काढली. मागचा पडदा राखाडी होता, वर उजळ आणि खाली गडद, तो केसांच्या जागी त्याच चढउताराने भरला, आणि फोटोत जेवढी रवाळ कणी होती तेवढी वर पेरली, नाहीतर नवी जागा प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते. मग कडा. उडते केस कात्रीने कापल्यासारखे कापले की डोक्याभोवती मळकट वलय राहतं. त्यासाठी फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन रंगांपैकी ज्यात केस आणि पडदा यांतला फरक सगळ्यात जास्त दिसतो तो रंग त्यांनी वेगळा काढला, केस पूर्ण काळे आणि पडदा पूर्ण पांढरा होईपर्यंत ताणला, आणि त्याच्यावरून कडा धरल्या. तरी जे सुटले ते केस हाताने काढले. मुळाशी जाड, टोकाला विरत जाणारे, आणि टोकाला थोडा पडद्याचा राखाडी रंग मिसळलेला, कारण बारीक केसातून मागचं दिसतंच.

बाईला मानेपर्यंत कापलेले, कपाळावर आलेले, तांबूस केस हवे होते. काळ्यावर नुसता तांबडा रंग चढवला तर तो दिसत नाही. आधी काळा उजळावा लागतो, मुळं गडद ठेवावी लागतात. हे सगळं करायला दोन दुपारी गेल्या. बाई दोन्ही दिवस आली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी खुर्ची मागे सरकवली, तेव्हा बाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे खूप वेळ बघत राहिली.

"ही कोण?" तिने विचारलं, आणि पहिल्यांदा हसली.

वहिनींनी त्या लेयरला नाव दिलं, 'पसंत', आणि पुढे तारीख टाकली. कामाची सवयच होती ती. पाच नमुने असले की गिऱ्हाइकाने कुठला निवडला ते लक्षात राहत नाही.

आता तीच वेणी काउंटरवर पडली होती.

"होईल ना?" औषधवाल्याने विचारलं.

"होईल," वहिनी म्हणाल्या. "पण नुसती लांबी कळून काय उपयोग? कसे कापले, रंगवले का, ते कुठे माहीत आहे?"

"तीन-चार प्रकार करा. तुम्ही बायका. तुम्हाला अंदाज असतो."

तो गेल्यावर वहिनींनी पावतीवरून बाईचा नंबर शोधून फोन लावला. फोन बंद होता. त्यांनी तो दिवसभरात सहा वेळा लावला.

मालकाला सांगून पाहिलं. "भाऊजी, त्या बाईच्या डोक्याला जखम होती. मी पाहिली आहे."

"वहिनी, आपण फोटो काढतो. पंचनामे नाही. आणि मी नाही म्हणालो, तर ते दुसरीकडे जाणार नाहीत का? चार गाळे सोडून आहे तो माणूस. रोज तोंड बघायचंय."

तेव्हा वहिनींनी ठरवलं की काम करायचं, पण चुकीचं करायचं. तीन नमुने बनवायचे, एकही तिच्यासारखा नको. एक खांद्यापर्यंत, काळेभोर, मधोमध भांग. दुसरा हनुवटीपर्यंत, काळेच, कानामागे घेतलेले. तिसरा खांद्यापर्यंत, जांभळट लाल. कपाळ तिन्हींत उघडं. कपाळ झाकलं की चेहरा किती बदलतो, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

खांदा, मान आणि पडदा आधीच तयार होते. दोन दुपारींचं काम दोन तासांत झालं. नमुने इतके साफ उतरले की त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. चुकीचं करायचं होतं, वाईट नव्हे. वाईट काम त्यांच्या हातून होत नसे.

शेवटी 'पसंत' उरला. त्यांनी तो निवडला. बोट डिलीटवर ठेवलं. काढून टाकण्यापूर्वी एकदा बघावा म्हणून त्याचा डोळा उघडला.

नऊ वर्षांत त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं. डाव्या कानापाशी सहा-सात केस पडद्यावर उडत होते आणि ते खरे कुठे संपतात आणि काढलेले कुठे सुरू होतात, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दिराला दाखवलं नव्हतं. कुणालाच दाखवलं नव्हतं. ते पाहून हसलेली एकच बाई होती आणि ती निघून गेली होती.

त्यांनी बोट उचललं. डोळा मिटला. फाईल सेव्ह केली. तीन नमुन्यांचे साधे फोटो वेगळे काढून औषधवाल्याला पाठवायला मालकाकडे दिले.

मंगळवारी दुपारी त्या दवाखान्यात गेल्या होत्या, दाताला. त्या नसताना फ्लेक्सवाल्याचा फोन आला. पोस्टर तोच छापणार होता. त्याला मागचा राखाडी पडदा काढून पिवळा रंग टाकायचा होता, म्हणजे लांबून नजर जाईल, आणि साध्या फोटोतून पडदा काढायला गेलं की केसांच्या कडा खराब होत होत्या. "ओपन फाईल द्या की, सगळ्या लेयरसकट," तो मालकाला म्हणाला. "वहिनींनी केस कापून ठेवलेच असतील, मी कशाला परत डोकं लावू?"

मालकाने पेनड्राइव्हवर फाईल घातली आणि औषधवाल्याच्याच हातात दिली.

हे वहिनींना चार वाजता कळलं, तेही फ्लेक्सवाल्याकडून. फोनवर तो अगदी खुशीत होता.

"वहिनी, एक विचारू? सगळ्यात भारी नमुना लपवून का ठेवला होता?"

वहिनींचा अर्धा जबडा बधिर होता. "कुठला?"

"अहो, तो पसंतवाला! साहेब माझ्या शेजारीच बसले होते. काय नजर आहे माणसाची. म्हणाले, हे बाजूला डोळे दिसतात ते काय आहे? म्हटलं, लेयर आहेत साहेब, उघडा डोळा म्हणजे दिसतो, मिटलेला म्हणजे लपलेला. म्हणाले, मग हा मिटलेला उघडा. उघडला, आणि मी म्हटलं, वा! दुसऱ्याच बाई वाटतात हो."

"मग?"

"मग काय, साहेब जवळ वाकले. नाव वाचलं, तारीख वाचली. म्हणाले, बाकीचे तीन राहू द्या, हाच छापा. चाळीस छापले. पिवळ्यावर तांबूस केस काय उठून दिसतात! तुमच्या कडांना तर तोडच नाही. एकसुद्धा केस तुटला नाही."

वहिनींनी फोन ठेवला आणि दिराकडे गेल्या.

"तुम्ही ओपन फाईल दिली?"

"मागितली, दिली. का?"

त्यांनी सांगितलं. मालक बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिला.

"मग पुसून का नाही टाकलंत?" तो शेवटी म्हणाला. "मला कसं कळणार आत काय आहे ते? मी कधी उघडतो का तुमच्या फायली?"



वहिनींनी पुन्हा बाईचा फोन लावला. संध्याकाळी त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. पहिलं पोस्टर बसथांब्यावर लागलं होतं. 'मानसिक संतुलन बिघडलेली. घरचे वाट पाहत आहेत. कळवणाऱ्यास योग्य बक्षीस.' खाली औषधांच्या दुकानाचा नंबर. वर बाई, मानेपर्यंतच्या तांबूस केसांत, लोकांकडे बघत. त्यांनी एक कोपरा नखाने उचलला. मागे उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, "काय झालं? ओळखता का तुम्ही?" त्यांनी हात काढून घेतला.

अकराव्या दिवशी ती सापडली. तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात एका लॉन्ड्रीत इस्त्रीला लागली होती. बसवर चिकटवलेली पोस्टरं तिथवर गेली होती. कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने पोस्टर पाहिलं होतं, पुन्हा लॉन्ड्रीत जाऊन खात्री केली, आणि मग फोन केला. आणायला औषधवाला, त्याचा भाऊ आणि तिचा स्वतःचा मामा गेले होते. तिला गाडीत बसवताना रस्त्यावर गर्दी जमली, तेव्हा मामाने लोकांना पोस्टर दाखवलं. वेडी आहे, म्हणून लोक बाजूला झाले.

हे मालकानेच येऊन सांगितलं. "सुखरूप आहे म्हणे," तो म्हणाला. वहिनी एका मुलाच्या शाळेच्या फोटोतला विस्कटलेला भांग सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, औषधवाला बायकोला घेऊन स्टुडिओत आला. हातात तीच कागदी पिशवी होती.

"नवा फोटो काढायचाय. जोडीने," तो मालकाला म्हणाला. "त्या पोस्टरमुळे लोकांच्या डोळ्यांत भलतंच बसलंय. दिवाणखान्यात नीट फोटो असला की बरं."

बाईने डोक्याला रुमाल बांधला होता. तो त्यानेच सोडला. खाली वीतभरही नव्हे, बोटाच्या पेरभरही केस नव्हते. मशीन फिरवलेलं होतं, घाईने, कुठे पांढरी कातडी, कुठे खुंट. तांबूस रंगाचा मागमूस नव्हता.

"उवा झाल्या होत्या तिकडे," औषधवाला म्हणाला. "बारीक करून टाकले. उगवतील. फोटोत मात्र पूर्वीसारखे पाहिजेत." आणि त्याने वेणी काढून वहिनींच्या हातात दिली. "खरीच आहे, मग हाताने काढायची कशाला? या वेणीचाच फोटो घ्या आणि लावा. तुम्हाला सोपं जाईल."

खरंच सोपं जाणार होतं. वहिनींनी त्याच उजेडात, त्याच राखाडी पडद्यासमोर वेणी एका स्टँडला टांगली, बाईच्या खांद्याएवढ्या उंचीवर, तेवढीच तिरकी. मालकाने आधी जोडीचा फोटो काढला, मग वेणीचा. औषधवाल्याला दुकानातून फोन आला, म्हणून तो दारात जाऊन बोलू लागला. मालक दिवे बंद करायला गेला.

बाई स्टुलावर बसून होती. समोर तिची वेणी टांगलेली.

"ताई," ती हळू म्हणाली. "तुम्ही पुसलं का नाहीत?"

वहिनींनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. दोन महिने त्यांनी या प्रश्नाची पाच-सहा उत्तरं तयार केली होती. वेळ मिळाला नाही. विसरले. भाऊजींनी दिली. फ्लेक्सवाल्याने उघडलं.

"चांगलं झालं होतं," त्या म्हणाल्या.

बाईने मान हलवली. तिला ते पटलं असावं, किंवा तिला आणखी काही ऐकायचं नसावं. ती पुन्हा वेणीकडे बघू लागली.

औषधवाला आत आला आणि वहिनींच्या मागे खुर्ची घेऊन बसला. "मी थांबतो," तो म्हणाला. "होऊ द्या सावकाश."

दीड तास लागला. खुंटांवर भरल्या केसांचं डोकं उभं करावं लागलं. जुन्या फोटोतला भांग घेतला, कपाळाच्या कडेला कोवळे केस हाताने काढले, वेणी खांद्यावर बसवली, तिची सावली मानेवर आणि कपड्यावर टाकली. कानाजवळ काही केस मोकळे सोडले, पडद्यात विरत जाणारे. उजव्या कानामागे आता तीन जागा होत्या. एक जुनी, दोन नव्या. औषधवाल्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवल्या. वहिनींनी भरल्या.

"सुंदर," तो म्हणाला. "तुमच्या हाताला खरंच तोड नाही. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आमची बायको केसवाल्या वहिनींमुळे सापडली." तो पुढे वाकला. "आता तो मागच्या वर्षीचा नंबर उघडा."

त्यांनी उघडला.

"आपल्याकडे काही लपवाछपवी नको. सगळं पुसा."

वहिनींनी 'पसंत' निवडला. त्याचा डोळा अजून मिटलेला होता.

"आधी उघडा की," औषधवाला म्हणाला. "हिलाही बघू दे."

डोळा उघडला. बाई स्टुलावरून बघत होती. पडद्यावर तांबूस केसांतली दुसरी बाई तिच्याकडे बघत होती आणि तिच्या डाव्या कानापाशी सहा-सात केस राखाडी हवेत उडत होते.

या वेळी वहिनींचं बोट थांबलं नाही.

"झालं?" औषधवाल्याने विचारलं.

"झालं."

"सेव्ह करा."

त्यांनी सेव्ह केलं. औषधवाल्याने रुमाल उचलून बायकोच्या डोक्याला बांधला, गाठ मागे दोनदा आवळली, आणि वेणी घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली.